इतर : तपशील द्यावा

"परत 'इतर'. लोकांना 'इतर'चा रकाना दिसला की हात नुसते शिवशिवतात. हे बघ, काय लिहिलंय. हळवी."

"काय?"

"हळवी. आजाराचं स्वरूप, हळवी. आता मी काय लिहू, मंजूर, थोडं कमी हळवं व्हावं?"

परीक्षा मंडळाच्या खिडकीला काच होती आणि काचेला खाली अर्धगोल भोक होतं. कारकुनाची समजूत अशी की बाहेरचा माणूस भोकात तोंड घालून बोलला तरच आवाज पलीकडे जातो, आणि म्हणून आतला आवाजही बाहेर येत नसणार. भिंगरीची आई भोकापासून वीतभर अंतरावर उभी होती. तिने प्रत्येक शब्द ऐकला. 'हळवी' हा शब्द तिनेच लिहिला होता, त्यासाठी दोन दिवस विचार केला होता, आणि लिहून झाल्यावर आपल्याला बरा शब्द सुचला म्हणून स्वतःसाठी एक कप जास्तीचा चहाही केला होता.

"तो अर्ज माझा आहे," ती भोकात म्हणाली.

कारकून गोरामोरा झाला. पण माणूस वाईट नव्हता. त्याने तीन कागद टाचणी काढून एकाशेजारी एक मांडले, जसे काही तिघांचं भांडण सोडवायला बसला आहे.

"ताई, राग नका मानू. हा तुमचा अर्ज. यात मुलगी हळवी आहे. हे शाळेचं पत्र. यात मुलगी आनंदी, धीट, निरोगी आणि स्टेज गाजवणारी आहे. आणि हे मानसशास्त्रज्ञांचं पत्र. यात..." त्याने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "यात वेगळंच आहे. आता मला सांगा, या तीन मुली आहेत की एक?"

"एकच आहे."

"मग तिन्ही कागदांना एकत्र बसवून एकदा ठरवा ना. गुरुवारी समिती बसते. प्रवेशपत्रं छापायला जायच्या आधीची ही शेवटची. तुम्ही, शाळा आणि त्या बाई, सगळे या. मुलीलाही आणा. नाहीतर अर्ज फेटाळला जाईल, आणि ती सगळ्यांसारखी मोठ्या हॉलमध्ये बसेल."

मोठ्या हॉलमध्ये. भिंगरीच्या आईने तिन्ही कागद पिशवीत टाकले आणि दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "गुरुवारी परत यायचंय."

"का?"

"सही राहिली," ती म्हणाली. खरं न बोलण्याचा तिचा हात इतका बसला होता की आता नवऱ्याशीही तो आपोआपच चालायचा.

भिंगरीच्या आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. ढगळ ते अंगासरशी करायचं, घट्ट ते सैल करायचं, आणि कुठे फाटलं असेल तर असं रफू करायचं की फाटलं होतं हे मालकालाही सापडू नये. हे काम तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की दुकान बंद करून घरी आल्यावरही तिचे हात थांबायचे नाहीत. गेल्या वर्षभरात घरात जे काही उसवलं होतं ते तिने बाहेरून इतकं सफाईने रफू केलं होतं की शेजारीपाजारी कुणाला धागा दिसला नसता.

उसवलं होतं ते असं. भिंगरीला लहानपणापासून भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी कधी टिकली नाही. नाटकात, भाषणात, वक्तृत्वात पुढे. आणि गेल्या वर्षीपासून वेळ लावलेला पेपर समोर आला, आजूबाजूला शंभर मुलं बसली, आणि पर्यवेक्षकांच्या बुटांचा आवाज मागून यायला लागला, की तिचा हात आखडायचा, श्वास वर अडकायचा, छातीत धडधड सुरू व्हायची आणि आपण आता मरतोय असं तिला वाटायचं. नुसतं वाटायचं नाही, खात्री व्हायची. सहामाहीला तिने उत्तरपत्रिकेवर नाव लिहिलं, क्रमांक लिहिला, आणि उरलेला वेळ बाथरूमच्या फरशीवर बसून काढला. त्यानंतर ते परीक्षेपुरतंही राहिलं नाही. पेपरच्या आधी पंधरा पंधरा दिवस झोप नाही, जेवण नाही, लिफ्ट नको, गर्दी नको.

लिफ्ट नको, यावर तिचे बाबा फार दुखावले होते. ते लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे.

त्रासाला घरात नाव नव्हतं. त्याला 'ते' म्हणायचे. "आज ते झालं का?" "नाही, आज ते नाही झालं." दर मंगळवारी संध्याकाळी भिंगरी मानसशास्त्रज्ञ ताईंकडे जायची, आणि सोसायटीत आईने सांगितलं होतं की ती गणिताच्या शिकवणीला जाते. गणित कुणाला खटकत नाही. सगळ्यांच्याच मुलांचं गणित कच्चं असतं.

पण समोरच्या दारातल्या काकूंच्या मुलाचं जरा जास्तच कच्चं होतं.

"कोण गं त्या गणिताच्या ताई?" काकू जिन्यात, गच्चीवर, दूध घेताना विचारायच्या. "भिंगरीत किती फरक पडलाय. मागे बघावं तेव्हा रडवेली. आता हसतेय, खेळतेय. असं गणित शिकवणारं कोणी मी बघितलं नाही."

"जागा नाहीये त्यांच्याकडे."

"अगं, एकाची तर जागा. कोपऱ्यात बसेल तो."

एकदा काकूंनी भिंगरीच्या दप्तरातून ताईंचा नंबर हस्तगत केला आणि सरळ फोन लावला. ताईंनी पुढच्या मंगळवारी हे सांगितलं तेव्हा भिंगरी खुर्चीतून पडायची बाकी राहिली होती. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, गणितात मी स्वतःच नापास होत होते. तर म्हणाल्या, तेच बरं, मुलाची अडचण तुम्हाला कळेल."

मानसशास्त्रज्ञ ताई पन्नाशीकडे झुकलेल्या होत्या. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या, एक खिडकी आणि एक घड्याळ होतं, आणि घड्याळ असं ठेवलेलं होतं की ते त्यांनाच दिसावं, येणाऱ्याला नाही. भिंगरीचे बाबा त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि ताई दर वेळी सांगायच्या की मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. गोळ्यांची गरज वाटली तेव्हा मी तुम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं होतं, ते डॉक्टर. बाबा म्हणायचे, "बरोबर आहे, डॉक्टर."

मंडळाकडे पाठवायचं पत्र ताईंनी आधी भिंगरीला दाखवलं होतं आणि मग तिघांना बसवून मोठ्याने वाचलं होतं. पत्र दोन पानांचं होतं. भिंगरीला त्या किती महिने बघतायत, कोणत्या चाचण्या आणि मुलाखती घेतल्या, निदान काय, उपचार काय चालू आहेत. मग, वेळेच्या धाकात, गर्दीच्या हॉलमध्ये तिचं नेमकं काय होतं. आणि त्या प्रत्येक गोष्टीसमोर एक मागणी. गर्दीने श्वास अडकतो म्हणून छोटी वेगळी खोली आणि दाराजवळची जागा. झटका आला तर तो ओसरायला वेळ लागतो म्हणून पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली मध्ये थांबण्याची मुभा, तेवढा वेळ घड्याळातून वजा. हात आखडल्यावर परत लिहितं व्हायला वेळ जातो म्हणून पाव वेळ जास्त. शेवटी हेही, की लेखनिक नको, सोपा पेपर नको, वाढीव गुण नकोत. तिला येतं सगळं. ते कागदावर उतरायला जागा हवी आहे.

तिसरी ओळ वाचताना ताईंनी आवाज बदलला नाही. तीव्र चिंताविकार. त्यापुढे आजारांच्या यादीतला त्याचा क्रमांक.

भिंगरीच्या आईने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं होतं. "ताई, पत्र छान आहे. फक्त त्या तिसऱ्या ओळीत जरा सैल करता येईल का?"

"सैल म्हणजे?"

"म्हणजे तीव्र काढून थोडा. आणि विकार काढून... त्रास. आणि चिंता..."

"मग 'थोडा त्रास' उरेल," ताई म्हणाल्या. "थोडा त्रास मलाही आहे, गुडघ्याचा. मला कोणी वेगळी खोली देणार नाही." मग त्या हसल्या आणि पुढे म्हणाल्या, "हे बघा, घरातल्या गोष्टी मी यात घातलेल्याच नाहीत. मंडळाला त्या कळायची गरज नाही. आणखी काही खाजगी वाटत असेल तर सांगा, काढते. पण निदान काढता येणार नाही. ते काढलं तर बाकीचं पत्र कोणत्या खुंटीला टांगायचं?"

"आणि हे वाक्य तर मुळीच काढायचं नाही," भिंगरीने दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'तणावाच्या क्षणी विद्यार्थिनी बरेचदा हसते. हे धीटपणाचं लक्षण समजू नये.' "हे मला फ्रेम करून हवंय."

पत्र सैल झालं नाही. तेव्हा भिंगरीच्या आईने आपल्या हातात जे होतं ते सैल केलं. अर्जात 'हळवी' लिहिलं. आणि मुख्याध्यापिका बाईंना फोन करून म्हणाली, "बाई, शाळेच्या पत्रात तिच्याबद्दल वाईट काही लिहू नका हं."

मुख्याध्यापिका बाईंना हे सांगायची गरज नव्हती. त्यांच्या शाळेतून बत्तीस वर्षांत एकही वाईट कागद बाहेर गेलेला नव्हता.

गुरुवारी सगळे मुख्याध्यापिका बाईंच्या छोट्या गाडीतून निघाले. पुढे बाई आणि त्यांची पर्स, कारण पर्सला स्वतंत्र जागा लागायची. मागे बाबा, आई आणि मध्ये भिंगरी. ताई मंडळाच्या दारातच भेटणार होत्या. बाई गाडी अशी चालवायच्या की प्रत्येक सिग्नल हा त्यांच्या शाळेतला उशिरा आलेला विद्यार्थी असावा.

"बाई, लाल आहे," बाबा म्हणाले.

"दिसतंय मला. त्याला थोडी समज देतेय."

भिंगरी हसायला लागली. आईने चोरून तिच्याकडे बघितलं. हसू कुठलं आहे हे तिला आताशा कळायचं. खरं हसू पोटातून यायचं आणि दुसरं गळ्यातून. हे अजून पोटातलं होतं.

"आत काही विचारलं तर तू बोलू नकोस," आई तिच्या कानाशी म्हणाली. "मी सांगेन."

"काय सांगशील?"

"सांगेन ना काहीतरी."

"'काहीतरी'चा तर गोंधळ झालाय, आई."

समितीची खोली चौथ्या मजल्यावर होती. लिफ्टपुढे सगळे थबकले. भिंगरीची नजर जिन्याकडे. बाबांनी लिफ्टच्या दाराला कान लावला, आत वरून खाली येणारी घरघर ऐकली आणि गंभीरपणे म्हणाले, "ही लिफ्ट मीसुद्धा घेणार नाही."

"खरंच खराब आहे?" ताईंनी हळूच विचारलं.

"उत्तम आहे," बाबा तितक्याच हळू म्हणाले.

सगळे जिन्याने निघाले. दुसऱ्या मजल्यावर मुख्याध्यापिका बाईंनी कठडा धरला. तिसऱ्यावर त्या पायरीवरच बसल्या, पर्स मांडीवर, चेहरा लाल. "माझी छाती... काहीतरी होतंय मला. बघा, हात थरथरतोय."

भिंगरी त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "बाई, माझ्याकडे बघा. नाकाने आत घ्या, हळू. आता तोंडाने सोडा, त्याहून हळू. मेणबत्ती विझवायची नाही, नुसती हलवायची. हं. पाय जमिनीवर टेकवा. समोर काय काय दिसतंय ते सांगा."

"तू दिसतेस," बाई म्हणाल्या.

"आणखी?"

"भिंतीवर 'थुंकू नये' लिहिलंय."

"छान. आणखी?"

मग बाईंनी थुंकू नये, झाडूचा दांडा, खिडकीची फुटकी काच आणि बाबांचे मोजे, एक निळा एक काळा, अशी सगळी उजळणी केली. श्वास जागेवर आला. त्या भिंगरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. "तुला असं होतं?" त्यांनी विचारलं. "असंच?"

"तुम्हाला जिन्यामुळे झालं. मला नुसत्या पेपरमुळे होतं. आणि याच्यापेक्षा बरंच जास्त."

उरलेला मजला बाईंनी भिंगरीचा हात धरून चढला.

वरच्या व्हरांड्यात एक लांब बाक होतं. त्यावर हाताला प्लास्टर असलेला एक मुलगा, जाड चष्म्याची एक मुलगी, त्यांचे आईवडील. आणि बाकाच्या टोकाला, मांडीवर फाइल घेऊन, समोरच्या दारातल्या काकू.

भिंगरीच्या आईने कागदांची पिशवी पदराखाली घेतली.

"अगं बाई, तुम्ही इथे?" काकू उठल्याच. "मी आले आमच्या मुलासाठी, आमच्या साहेबांसाठी. त्यांनी फॉर्मवर जन्मतारखेच्या जागी फॉर्म भरला ती तारीख लिहिली. म्हणजे मंडळाच्या हिशेबाने तो आता तीन महिन्यांचा आहे. खालून वर पाठवलं, वरून म्हणतात बसा." मग त्यांची नजर ताईंवर गेली. ताईंचा आवाज त्यांनी फोनवर ऐकला होता, आणि ताई नेमक्या तेव्हाच म्हणाल्या, "बसा सगळे, घाई नाही."

"गणिताच्या ताई," काकू म्हणाल्या.

बाबा छतातल्या पंख्याचा अभ्यास करू लागले. मुख्याध्यापिका बाईंनी ताईंकडे आश्चर्याने बघितलं, त्यांना हा विषय नवाच होता. ताईंनी काकूंना नुसता नमस्कार केला. त्या हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. हे सांगायचा हक्क आपला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. भिंगरी मात्र हसून फुटण्याच्या बेतात होती.

शिपाई दार उघडून डोकावला. तो लोकांना नावाने बोलावत नसे, कामाने बोलावत असे. "फ्रॅक्चर."

प्लास्टरवाला मुलगा आत गेला आणि लगेच बाहेर आला. प्लास्टर सगळ्यांना दिसतं.

"दृष्टी."

चष्मेवाली मुलगी गेली, आली.

"इतर," शिपाई म्हणाला. कोणी उठेना. "इतर कोण आहे?"

भिंगरीच्या आईने काकूंकडे न बघता पदर सावरला आणि उठली.

आत लांब टेबलामागे तिघं होते. मधे अधिकारी साहेब, एका बाजूला मंडळाच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर, चष्मा कपाळावर चढवलेल्या, आणि दुसऱ्या बाजूला एक निवृत्त गुरुजी, ज्यांच्यासमोर बिस्किटांची बशी होती. तिघांच्या पुढ्यात ते तीन कागद.

"बरं," साहेब म्हणाले, "तर हे जे काही... पत्रात आहे... त्याबद्दल पालकांचं काय म्हणणं?"

"तशी ती हळवी आहे," आई म्हणाली.

"हवा बदलली की होतं," बाबा म्हणाले.

"अतिशय गुणी मुलगी," मुख्याध्यापिका बाई सवयीने म्हणाल्या.

भिंगरी हसली. आईने ऐकलं. गळ्यातलं.

"ही तर हसतेय," गुरुजी बिस्कीट चहात बुडवता बुडवता म्हणाले. "आमच्या वेळी घाबरलेली पोरं रडायची."

डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला, दुसरं पान उलटलं, एका ओळीवर बोट ठेवून कागद गुरुजींकडे सरकवला. गुरुजींनी वाचलं. मग भिंगरीकडे बघितलं. तिचे गुडघे टेबलाखाली शिवणयंत्राच्या पायडलसारखे चालले होते. तिचं हसू काही थांबत नव्हतं आणि डोळे मात्र हसत नव्हते. गुरुजींचं बिस्कीट कपात गळून पडलं. त्यांनी बशी हळूच तिच्याकडे सरकवली.

"बाळ, तुला बाहेर थांबायचं असेल तर थांब," डॉक्टर म्हणाल्या. "हे तुझ्याबद्दल आहे, म्हणून तुला बोलावलं. पण बसलंच पाहिजे असं नाही."

"बसते," भिंगरी म्हणाली. "दाराजवळ बसू का?"

"कुठेही बस." डॉक्टर ताईंकडे वळल्या. "पत्र व्यवस्थित आहे. माझा एकच प्रश्न, आणि तो शाळेला आहे. वेगळी खोली, जास्त वेळ, हे शाळेत कधी देऊन बघितलं का? दिलं तर फरक पडला का? कारण मागणी कागदावर योग्य असणं वेगळं आणि या मुलीला ती उपयोगी पडणं वेगळं."

सगळे मुख्याध्यापिका बाईंकडे बघायला लागले. बाईंनी पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. पत्रात त्यांनी हे लिहिलं नव्हतं. लिहायचं म्हणजे सहामाहीला एक मुलगी बाथरूमच्या फरशीवर बसून होती आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, हेही लिहावं लागलं असतं. पण आज त्या स्वतः पायरीवर बसल्या होत्या.

"दिलं होतं," बाई म्हणाल्या. "या ताईंचं ऐकून पूर्वपरीक्षेला तिला वाचनालयात बसवलं. एकटी, दाराशी, पाव वेळ जास्त. ग्रंथपाल लक्ष ठेवून." त्यांनी पर्समधून दोन उत्तरपत्रिका काढल्या. "ही सहामाहीची. आणि ही वाचनालयातली. विषय एकच, इतिहास."

पहिलीवर नाव आणि क्रमांक होता, बाकी सगळं पांढरं. दुसरी गच्च भरलेली, समासापर्यंत, वर लाल शाईत एकाहत्तर.

"हे आधीच जोडलं असतं तर तुम्हाला इथवर यावं लागलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या.

"वाईट काही लिहू नका म्हणून तिच्या आईने सांगितलं होतं."

"मी वाईट म्हटलं होतं, बाई. खरं लिहू नका नव्हतं म्हटलं," भिंगरीची आई म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं की आपण तेच म्हटलं होतं.

साहेबांनी घसा साफ केला. "शाळेने इथेच बसून सुधारित पत्र द्यावं. शिक्का आहे?"

बाईंनी पर्समधून शिक्का, शाईची गादी आणि शाळेचे कोरे कागद काढले. पर्सला स्वतंत्र जागा का लागते ते बाबांना समजलं.

"आता राहिला पालकांचा अर्ज," साहेब म्हणाले. "ताई, एक लक्षात घ्या. सवलत मिळते ती अर्जावर. मानसशास्त्रज्ञांचं पत्र हा पुरावा. अर्जात आजारच नसेल तर पुरावा कशाचा? माझी सही मी 'हळवी'च्या खाली करू शकत नाही. तुम्ही तो शब्द खोडा, पत्रात आहे ते लिहा, बाजूला सही करा. शाईने. मग वेगळी खोली, थांबण्याची मुभा आणि पाव वेळ जास्त, तिन्हीवर मी आजच सही करतो."

"गुणपत्रिकेवर येतं का हे? पुढे कोणी बघेल?"

"आमच्या गुणपत्रिकेवर यातलं काही येत नाही. गुण येतात फक्त." साहेबांनी अर्ज तिच्याकडे दिला. "बाहेर बाकावर बसून लिहा निवांत. पुढचे लोक थांबलेत."

बाबांनी कानावरची पेन्सिल काढून दिली. "शाईने," तिघंही एकदम म्हणाले.

बाहेर बाकावर आई बसली. भिंगरी शेजारी टेकली, गुडघे अजून हलतच होते. पर्समध्ये, पिशवीत, ब्लाउजमध्ये खोचलेल्या पाकिटात, कुठेच पेन सापडेना. शिवणाची कात्री निघाली, टेप निघाली, खडूचे तीन तुकडे निघाले. ताई आपलं पेन द्यायला पुढे झाल्या आणि जागच्या जागीच थांबल्या. पेन त्यांच्या हातातच राहिलं.

कारण काकूंनी आपलं पेन आधीच पुढे केलं होतं. "घे. काय लिहायचंय? मी बघते हं, मला आता या फॉर्मांचा चांगला अनुभव आलाय. तारीखबिरीख नीट घाल बाई, नाहीतर तुझी मुलगीही रांगायला लागेल."

भिंगरीच्या आईने पेन घेतलं. 'हळवी'वर एक सरळ रेघ ओढली. रेघ ओढताना तिला मजा वाटली. कधी न फाडलेलं कापड पहिल्यांदा टर्रकन फाडावं तशी. मग पेन कागदावर टेकवलं आणि तिथेच अडकलं. शाईचा एक ठिपका मोठा मोठा होत गेला.

"काय झालं?" काकूंनी कागदात मान घातली. "इतर, तपशील द्यावा. कसला तपशील? आणि गणिताच्या ताई कशाला लागतात याला? गणितात सूट मिळते की काय? मिळत असेल तर सांग गं, लपवून ठेवू नकोस. आमच्या साहेबांचंही बघ ना काहीतरी."

शेजारून आवाज आला. भिंगरी हसत होती. तोंड दाबून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईने कान देऊन ऐकलं. पोटातलं होतं. अगदी खोल, पोटातलं. ते ऐकून तिलाच हसू फुटलं. अर्ज मांडीवर, हातात काकूंचं पेन, आणि दोघी मायलेकी हसताहेत, आणि काकू एकदा हिच्याकडे एकदा तिच्याकडे बघताहेत, कोणी तरी आपल्यालाही सांगेल या आशेने हसायची तयारी करून.

शिपाई डोकावला. "इतर, झालं का?"

"झालंच," आई म्हणाली. पदराने डोळे पुसले. कागदावर एकेक अक्षर मोठं काढलं, सही केली, आणि मग काकूंकडे वळली.

"काकू, गणित नाहीये हो ते. पहिल्यापासून नव्हतं. या ताई मानसशास्त्रज्ञ आहेत. माझ्या मुलीला चिंताविकार आहे. तीव्र."